मामा खरंच मामा होता

लग्नाचा हंगाम होता आणि रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हॉटेलातल्या बावीस खोल्या एकाच घरच्या नावावर, हळद नुकतीच आटोपलेली, लॉबीत लहान पोरांचा धुडगूस. रिसेप्शनवर दोन महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा उभा होता. पिवळ्या डागांनी भरलेला सदरा, अनवाणी पाय आणि कपाळावर वाळलेली हळद अशा थाटात एक गृहस्थ आले आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "३०७ ची किल्ली दे रे जरा. ताईनं दागिन्यांची पेटी खाली मागवलीय. मी नवरीचा मामा."

मुलाने एक कोरं कार्ड उचललं, यंत्रावर ठेवलं, दोन बटणं दाबली आणि किल्ली हातात दिली. नाव विचारलं नाही, खोली कोणाच्या नावावर आहे ते पडद्यावर पाहिलं नाही. मी मागच्या केबिनच्या काचेतून पाहत होतो. बाहेर येईपर्यंत लिफ्ट वर गेली होती.

मामा खरंच मामा होता. पेटी खाली आली, दुसऱ्या दिवशी त्याच मामाने नवरीला बोहल्यावर आणलं, कोणाचं काही गेलं नाही. मी त्या मुलाला रात्री बाजूला घेऊन बोललो तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "पण सर, ते मामाच होते ना?"

अकरा वर्षं मी हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसात काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. या प्रश्नाचं उत्तर त्याला पटेल असं मला त्या रात्री देता आलं नाही. काउंटरवर येऊन किल्ली मागणारा माणूस बहुतेक वेळा खराच असतो. किल्ली खोलीत राहिलेली असते, बायको अंघोळीला गेलेली असते, पोराला झोप आलेली असते. रोजच्या या खऱ्या माणसांमुळे रिसेप्शनवरच्या माणसाला एक सवय लागते. तो कागद न पाहता चेहरा पाहायला लागतो. आणि लुबाडायला आलेला माणूस काही काळा मुखवटा घालून येत नाही, तोही हळद लागलेल्या सदऱ्यातच येतो. लग्नघरात तर तो सदरा मिळवायला फार कष्टही पडत नाहीत.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडची हॉटेलं ओळखपत्र मागतात, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या कारणासाठी.

कुठल्याही लॉजवर जा. आत शिरताच आधार कार्ड मागतात, झेरॉक्स काढतात, रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, किती माणसं, सही. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून त्याची माहिती ऑनलाइन पाठवावी लागते. हे सगळं होतं ते पोलिसांनी विचारलं तर दाखवता यावं म्हणून. एकदा झेरॉक्स फायलीत गेली की हॉटेलच्या दृष्टीने ओळखीचा विषय संपला. त्यानंतर त्याच पाहुण्याच्या नावाने कोणी किल्ली मागितली, कोणी "ते कुठल्या खोलीत उतरलेत?" असं विचारलं, तर त्या फायलीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. खरं म्हणजे फाइल तेव्हा उघडायला हवी. पाहुणा आत येताना तो कोण आहे हे कळणं सरकारच्या सोयीचं आहे. पाहुण्याच्या सोयीची तपासणी दुसरीच, ती त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल काही मागणाऱ्याची.

त्यात पहिल्या तपासणीचा कागदच कसा सांभाळतात ते पाहा. छोट्या लॉजवर काउंटरवर एक जाडजूड रजिस्टर उघडं पडलेलं असतं. तुम्ही तुमची ओळ भरताना वरच्या दहा-बारा ओळी तुमच्या डोळ्यांसमोर असतात. कोण, कुठल्या गावचा, मोबाइल नंबर काय, सोबत कोण आणि खोली क्रमांक किती. मी स्वतः एका तीर्थक्षेत्री अशा रजिस्टरमध्ये सही करता करता माझ्या वरच्या ओळीतल्या बाईंचं नाव, नंबर आणि "एकट्या" हा शेरा, तिन्ही गोष्टी वाचल्या आहेत. वाचायच्या नव्हत्या, पण डोळे काही मिटून घेता येत नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा माहितीची काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची भाषा करतो. पण तो लागू होतो संगणकात असलेल्या किंवा नंतर संगणकात भरलेल्या माहितीला. कागदावरच राहणारं हे रजिस्टर त्याच्या कक्षेत येतच नाही. उपाय मात्र पाच रुपयांचा आहे. एका पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडायची आणि तो पानावर ठेवायचा. नाहीतर प्रत्येकाला वेगळा फॉर्म द्यायचा, जो मोठ्या हॉटेलांत असतोच.

आधारच्या झेरॉक्सबद्दल मे २०२२ मध्ये एक गंमत झाली होती. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की झेरॉक्स वाटत फिरू नका, परवाना नसलेल्या हॉटेलांना वगैरे ती घेऊन ठेवण्याची मुभा नाही, शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार वापरा. देशभर गलका झाला आणि दोन दिवसांत, २९ मे रोजी, पत्रकाचा चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणून ते मागे घेतलं. आठ आकडे झाकलेलं आधार मात्र तेव्हाही मिळत होतं, आजही मिळतं. अजूनही काउंटरवर ते पुढे केलं की निम्मे लोक "असलं चालत नाही" म्हणतात. चालतं. आणि हल्ली त्याहून वाईट चाल पडली आहे. "आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा ना," म्हणतात, आणि तो नंबर असतो रिसेप्शनवरच्या मुलाचा स्वतःचा. मुलगा चार महिन्यांनी नोकरी सोडतो, शे-दोनशे लोकांची आधार कार्डं त्याच्या फोनमध्ये त्याच्यासोबत जातात.

आता किल्लीकडे येऊ. प्लॅस्टिकचं कार्ड आलं तेव्हा मालक मंडळींना वाटलं की सुरक्षेचा प्रश्न मिटला. पितळी बिल्ल्यावर खोली क्रमांक कोरलेली किल्ली हरवली की सापडणाऱ्याला पत्ता आयताच मिळायचा. कार्डावर क्रमांक नसतो, म्हणून ते बरंच. पण कार्डाचं कुलूप कसं चालतं हे पाहुण्यांना सोडा, कित्येक रिसेप्शनिस्टनाही कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

बहुतेक हॉटेलांत दारावरचं कुलूप बॅटरीवर चालतं आणि ते कशालाही जोडलेलं नसतं. खाली संगणकावर काय चाललंय ते त्याला कळत नाही. त्याला कळतं ते फक्त कार्डाने आणलेलं. कार्डावर खोली, मुदत आणि हे कितवं कार्ड याची खूण लिहिलेली असते. कार्ड बनवताना पडद्यावर दोन पर्याय येतात, नवी किल्ली आणि डुप्लिकेट. डुप्लिकेट बनवली तर आधीची किल्ली चालू राहते, दोन्ही उघडतात. नवी बनवली तर जुनी बाद होते. पण कधी? नवी कार्डं बनली तेव्हा नव्हे, तर नवं कार्ड त्या दाराला पहिल्यांदा लागतं तेव्हा. तोपर्यंत कुलपाला बिचाऱ्याला बातमीच नसते.

याचा अर्थ असा, की पाहुणा म्हणाला, "माझं कार्ड बाजारात पडलं," तर त्याला नवं कार्ड देऊन "जुनं आता बंद झालं" असं सांगणं खोटं आहे. तो जेवायला बाहेर गेला आणि दोन तासांनी खोलीवर पोचला, तर ते दोन तास जुनं कार्ड दार उघडत होतं. अशा वेळी कोणीतरी त्याच्यासोबत किंवा त्याच्याआधी वर जाऊन नवं कार्ड दाराला लावून यायला हवं. आणि घाईत नवीच्या जागी डुप्लिकेटचं बटण दाबलं गेलं, तर हरवलेलं कार्ड चेक-आउटच्या वेळेपर्यंत जिवंत राहतं. ही चूक कशी ओळखावी? पाहुणे दोघे असतील तर सोपं आहे. नवी किल्ली दाराला लागल्यावर नवरा किंवा बायको तक्रार घेऊन खाली यायला हवी की माझं कार्ड चालेना. तशी तक्रार आली नाही, की मी पहिल्यांदा कोणतं बटण दाबलं गेलं ते तपासायला सांगतो.

कुलपाच्या पोटात शेवटच्या बऱ्याच उघडझापांची नोंद असते. हातातलं छोटं यंत्र लावून ती वाचता येते. चोरीची तक्रार आली की हीच नोंद कामाला येते. पण तीसुद्धा सांगते की कुठल्या कार्डाने दार उघडलं, कोणी ते नाही. ते कार्ड काउंटरवर कोणी बनवलं हे संगणकात असतं, पण तेव्हाच, जेव्हा प्रत्येकजण आपापल्या नावाने लॉगिन करतो. मी काम केलेल्या तीनपैकी दोन ठिकाणी सगळ्या पाळ्यांचं मिळून एकच लॉगिन होतं आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर. म्हणजे ३०७ मधून पेटी गेली असती, तर नोंद एवढंच म्हणाली असती की "फ्रंट ऑफिस"ने डुप्लिकेट बनवली. पोलिसांनी मग सफाई करणाऱ्या बाईला बोलावलं असतं. तसंच होतं. ज्याची किल्ली नोंदीत ठळक दिसते तो सगळ्यात आधी चौकीत जातो, आणि सफाई कामगारांची मास्टर किल्ली सगळ्यात ठळक दिसते.

मार्च २०२४ मध्ये काही संशोधकांनी जगभरातल्या तीस लाखांहून जास्त दारांवर असलेल्या एका जातीच्या कार्डकुलपातली फट जाहीर केली. त्या हॉटेलातलं कोणतंही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलं, हाती आलं की त्यावरून कुठलंही दार उघडेल अशी दोन कार्डं तयार करता येत होती. बातमी गाजली, आमच्याकडेही मालकांनी बैठक घेतली. फट बुजवायलाच हवी, वाद नाही. पण त्यासाठी यंत्र लागतं, माहिती लागते. मामाला काय लागलं होतं? एक वाक्य.

किल्ली तरी हातात धरता येते. माहितीचं तसं नसतं, ती तोंडातून निसटते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सप्टेंबर २००८ मध्ये क्रीडा वार्ताहर एरिन अँड्र्यूज नॅशव्हिलमधल्या एका मोठ्या हॉटेलात उतरल्या होत्या. एक माणूस त्यांच्या मागावर होता. त्याने पुढे दिलेल्या जबानीनुसार, त्याने हॉटेलातल्याच फोनवरून त्यांच्या खोलीला जोडून मागितलं आणि त्या फोनच्या पडद्यावर खोली क्रमांक उमटला. मग काउंटरवर त्याने त्यांच्या शेजारचीच खोली मागितली, आणि ती मिळाली. बाईंना कोणी विचारलं नाही, कळवलं नाही. त्याने त्यांच्या दाराच्या भिंगाशी छेडछाड करून आतलं चोरून चित्रण केलं आणि ते पुढे इंटरनेटवर आलं. त्याला तुरुंगवास झाला. त्यानंतरच्या दिवाणी दाव्यात मार्च २०१६ मध्ये ज्यूरीने साडेपाच कोटी डॉलर भरपाई ठरवली. तिची वाटणी अशी केली, ५१ टक्के त्या माणसावर आणि ४९ टक्के हॉटेलची मालकी व व्यवस्थापन असलेल्या कंपन्यांवर.

हे एकोणपन्नास टक्के मी नव्या मुलांना नेहमी सांगायचो. त्या काउंटरवर कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणी किल्लीही दिली नव्हती. फोन जोडून देणं आणि पाहुण्याला हवी ती खोली देणं, या दोन्ही गोष्टी आम्हाला चांगली सेवा म्हणून शिकवतात. एखाद्या पाहुण्याने दुसऱ्याच्या शेजारची खोली मागितली, तर आधी त्या दुसऱ्याला विचारायचं, हा धडा माझ्या प्रशिक्षणात नव्हता. काउंटरवरून फोन जोडताना ऑपरेटरने काय पाळायचं ते सोपं आहे. मागणाऱ्याने पाहुण्याचं पूर्ण नाव सांगितलं पाहिजे. नुसता "३०७ ला जोडा" असा फोन आला, तर "कोणाशी बोलायचंय?" असं विचारायचं, आणि नाव जुळलं नाही तर जोडायचं नाही. आधी खोलीत फोन करून "अमुक यांचा फोन आहे, देऊ का?" असं विचारायचं. आणि लॉबीतल्या फोनवर समोरचा क्रमांक दिसतो का, ते एकदा स्वतः जोडून पाहायचं. मी पाहिला. दिसत होता.

पण मला सगळ्यात अवघड वाटलेला प्रसंग यातला नाही. एका संध्याकाळी एक बाई एकट्या आल्या, छोटी बॅग, तीन रात्रींचे पैसे रोख दिले. चेक-इनला म्हणाल्या, "माझ्याबद्दल कोणी विचारलं तर सांगू नका." त्यांच्या बुकिंगवर आम्ही "गुप्त" अशी खूण करून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले, नीटनेटके, शांत. त्यांनी न मागता आधार कार्ड काढून ठेवलं. आडनाव तेच. पत्ता तोच. फोनमध्ये लग्नाचे फोटो, मुलाच्या वाढदिवसाचे फोटो. "घरी जरा वाद झालाय. तिची औषधं विसरलीत, ती फक्त द्यायचीत. खोली नंबर नको सांगू, तू स्वतः घेऊन चल मला."

आमच्या सगळ्या नियमांत हा माणूस पास होत होता. फोटो असलेलं ओळखपत्र आहे, रजिस्ट्रेशन फॉर्मवरच्या पत्त्याशी जुळतंय. तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं की तो कोण आहे हे मला कळलंय, त्याला काय मिळालं पाहिजे हे मात्र त्यावरून ठरत नाही. ते फक्त त्या बाई ठरवू शकतात. नवरा असणं हे खोलीत शिरायचं कारण नाही. फॉर्मवर ज्याचं नाव त्या खोलीचा राहणारा म्हणून लिहिलंय त्याला किल्ली मिळेल. दुसऱ्या कोणाला मिळणार असेल, तर आतल्याने तसं सांगितलं म्हणून. बाप असो, भाऊ असो, बिल भरणारी कंपनी असो.

मी त्यांना काय म्हणालो हे सांगण्याआधी एक बारकावा. तोवर आमच्याकडे पाहुणा नसेल तर "नाही हो, या नावाचं कोणी नाही" असं सांगायची पद्धत होती आणि गुप्त पाहुण्याबद्दल "सांगता येणार नाही" असं. जरा डोकं चालवणारा माणूस या दोन उत्तरांतला फरक ओळखतो. "सांगता येणार नाही" म्हणजे आहे. म्हणून वाक्य एकच हवं, असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही, रोज, प्रत्येकाला. मी ते त्या दिवशी काउंटरवरच जुळवलं: "साहेब, आमच्याकडे कोण उतरलंय ते आम्ही कोणालाच सांगत नाही. तुमचं नाव, नंबर आणि निरोप लिहून द्या. या नावाचं कोणी असलं तर पोचवू." औषधं? तीही ठेवून घेतली नाहीत. औषधं घेतली असती, तरी उत्तर दिल्यासारखंच झालं असतं.

ते तासभर लॉबीत बसले. मग गाडीत बसून राहिले. मी बाईंना खोलीतल्या फोनवर सांगितलं, निरोप वाचून दाखवला, त्यांना हवं असेल तर महिला हेल्पलाइनचा १८१ आणि पोलिसांचा ११२ नंबर दिला. त्या काय करतील तो त्यांचा प्रश्न होता. रात्री त्यांची खोली मागच्या जिन्याजवळ बदलून दिली आणि जुनी खोली रिकामीच ठेवली.

कोणी म्हणेल, आणि माझा एक मित्र म्हणालाही, "खरंच औषधं असती तर? एखाद्याची आई आजारी असेल आणि तू असाच कोरडा निरोप घेऊन बसशील?" हा आक्षेप खरा आहे. माझं उत्तर इतकंच, की निरोप तत्काळ पोचवणं हा नियमाचा अर्धा भाग आहे आणि बहुतेक हॉटेलं तोच विसरतात. नकार द्यायचा आणि चिठ्ठी खणात टाकायची, ही सुरक्षा नव्हे, कामचुकारपणा आहे. निरोप आला की पाच मिनिटांत खोलीत फोन, उचलला नाही तर दाराखालून बंद पाकीट. आईची बातमी असेल तर मुलगा स्वतः उलटा फोन करेल. या पद्धतीत उशीर होतो तो पाच-दहा मिनिटांचा, आणि आतल्या माणसाच्या हातात निवड राहते. आणि कोणी आतमध्ये बेशुद्ध पडल्याची शंका असेल, तर ड्युटी मॅनेजरने साक्षीदार घेऊन दार उघडावं. विचारायला आलेल्याला किल्ली द्यायची तेव्हाही गरज नसते.

पोलिसांचं काय, हा पुढचा प्रश्न. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर धाडी घालून पोलिसांनी खोल्यांतून जोडप्यांना बाहेर काढलं, सार्वजनिक असभ्यतेच्या कलमाखाली दंड केला. बंद खोलीत सार्वजनिक काय होतं, हे कोणालाच कळलं नाही, आणि गदारोळ झाल्यावर तेव्हाच्या पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांनी मागताक्षणी हॉटेलचं रजिस्टर दाखवलंच पाहिजे हा लॉस एंजेलिसचा नियम पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. तो खटला लढवणारे मोटेलमालक पटेल होते, म्हणजे आपल्याच शेजारचे. आपल्याकडे तसा निकाल नाही आणि रजिस्टर मागायचा पोलिसांना अधिकार आहे, ते मी नाकारत नाही. पण "चौकीतून बोलतोय, २१२ मध्ये कोण आहे रे?" असा फोन आला, तर तो पोलिसाचा आहे हे कशावरून? आमचं उत्तर ठरलेलं: "साहेब, चौकीचा नंबर लावून मीच उलटा फोन करतो." खरा पोलीस यावर एकदा रागावतो, दुसऱ्यांदा नाही. समोर आले तर नाव, हुद्दा, वेळ आणि काय पाहिलं ते आमच्या वहीत लिहायचं, आणि ड्युटी मॅनेजर शेजारी उभा.

हे सगळं करायला नको असतं ते मालकांना. त्यांची भीती खरी असते. पाहुणा चिडतो, "मला ओळखत नाही?" म्हणतो, दोन चांदण्यांचा अभिप्राय टाकतो. आपल्याकडे ओळख विचारणं हा अपमान समजतात, घरच्या कार्यात तर फारच. आणि अभिप्राय वाईट आला की मॅनेजर सगळ्यात आधी त्या मुलाला झापतो. मग पुढच्या वेळी मुलगा किल्ली देऊन मोकळा होतो. म्हणून मला प्रशिक्षणापेक्षा एका गोष्टीचं महत्त्व जास्त वाटतं. नियम पाळून नकार दिल्याबद्दल तक्रार आली, तर त्या मुलाला काहीही होणार नाही, असं मालकाने लिहून द्यायला हवं आणि ते काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं हवं. त्याशिवाय बाकीचे नियम भिंतीवरचे सुविचार आहेत.

विचारायची पद्धतही असते, ती शिकवावी लागते. "कुलकर्णी साहेब ना, ३०७?" असं विचारणारा रिसेप्शनिस्ट उत्तर स्वतःच देऊन टाकतो, समोरच्याने फक्त मान हलवायची. प्रश्न उघडा हवा: "खोली कोणाच्या नावावर आहे? फॉर्मवर मोबाइल कुठला दिलाय?" ओळखपत्र खोलीतच असेल, तर किल्ली हातात न देता कोणीतरी सोबत वर जायचं, दार उघडून द्यायचं, दारातच उभं राहून ओळखपत्र पाहायचं. नाव जुळलं नाही तर माणूस आणि आपण दोघं परत खाली. आणि खोली क्रमांक तोंडाने उच्चारायचा नाही, कार्डाच्या पाकिटावर लिहून बोट ठेवून दाखवायचा. मागे रांगेत कोण उभं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

त्या मामा प्रकरणानंतर आम्ही लग्नाची बुकिंगं वेगळी हाताळायला लागलो. आधी यादी यायची "पाटील परिवार, खोल्या २२", आणि सगळ्या बावीस किल्ल्या एका पिशवीत घालून नवरीच्या काकांच्या हातात. कुठल्या खोलीत कोण, हे आम्हालाच ठाऊक नसायचं, मग तपासणार काय? आता प्रत्येक खोलीला निदान एका मोठ्या माणसाचं नाव आणि मोबाइल घेतल्याशिवाय कार्ड नाही. एका खोलीला तीन मिनिटं धरली तर बावीस खोल्यांना तासाहून थोडं जास्त. दोघांनी केलं तर अर्ध्या तासात आटपतं, पण त्या अर्ध्या तासात बसमधून उतरलेलं वऱ्हाड चहासाठी खोळंबतं हे कबूल करतो. म्हणून चहा लॉबीतच द्यायला लागलो. डुप्लिकेट मागायला कोणीही आलं की त्या खोलीच्या नोंदलेल्या मोबाइलवर फोन. उचलला आणि हो म्हणाले तर किल्ली. मंडपात बँड वाजत असतो, फोन ऐकू येत नाही, तेव्हा माणूस मंडपात पाठवायचा. दागिन्यांसाठी रिसेप्शनमागची तिजोरी, पावतीसकट, कोण काढून नेऊ शकेल त्या दोघांची नावं आधीच लिहून.

एका गोष्टीत मात्र पूर्ण यश आलं नाही. लग्नघरची मंडळी हौसेने एक छापील तक्ता आणतात, वर गणपती, खाली "३०१ – आत्या, ३०४ – मुंबईचे काका, ३०७ – नवरी", आणि लिफ्टच्या दाराशी चिकटवतात. पाहुण्यांची सोय होते म्हणे. आम्ही तो काढतो, ते परत लावतात. शेवटी खोली क्रमांकाऐवजी मजल्याचा तक्ता लावायची तडजोड झाली.

तो मुलगा पुढे दोन वर्षं आमच्याकडे होता. एका डिसेंबरात रात्री एकच्या सुमाराला त्याने मालकांच्या सख्ख्या मेहुण्याला खोलीची दुसरी किल्ली नाकारली, कारण खोली त्यांच्या मित्राच्या नावावर होती आणि मित्र फोन उचलत नव्हता. मेहुण्यांनी मालकांना झोपेतून उठवलं. मालकांनी मला उठवलं. मी विचारलं, फोन किती वेळा लावला, आणि मुलाने वही पुढे केली: एक दहा, एक चौदा, एक वीस. एक सव्वीसला मित्र अंघोळ करून बाहेर आला आणि हो म्हणाला. मेहुणे अजून माझ्याशी बोलत नाहीत.